परत म्हणजे कोणत्या घरात? एका दांपत्याचा प्रकरण अभ्यास

डिसेंबर 2024 मध्ये हे दांपत्य समुपदेशनासाठी प्रथम माझ्याकडे आले. दोघेही कोल्हापूरचे असून 2016 पासून जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतात. नाताळच्या सुट्टीत तीन आठवड्यांसाठी ते गावी आले होते. परतण्यापूर्वी राजारामपुरीतील माझ्या खोलीत दोन बैठका झाल्या आणि पुढच्या अकरा बैठका शनिवारी दूरचित्रसंवादाने झाल्या, म्हणजे येथे दुपारी दीड वाजता आणि हिवाळ्यात तेथे सकाळी नऊ वाजता. हे लेखन दोघांच्या लेखी संमतीने केले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायदा, तारखा आणि वादाचा क्रम मात्र बदललेला नाही, कारण या प्रकरणात त्यांनाच महत्त्व आहे.

पती 38 वर्षांचा. ओतकामाचा अभियंता असून मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तो संगणकावर कास्टिंगच्या चाचण्या करतो. शिवाजी उद्यमनगरात त्याच्या वडिलांचे मशीन शॉप आहे आणि शिरोळ तालुक्यात थोडा ऊस आहे. पत्नी 36 वर्षांची. लग्नानंतर ती पतीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर गेली, दोन वर्षे जर्मन शिकली आणि 2018 मध्ये एका विमा कंपनीत नोकरीला लागली. आता ती पाच जणांच्या गटाची प्रमुख आहे. त्यांची मुलगी मे 2020 मध्ये तेथेच जन्मली. पतीला कायमचे कोल्हापूरला परतायचे होते आणि पत्नीला कायमचे तेथेच राहायचे होते. तिचे माहेर माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर आहे, ही गोष्ट पहिल्या बैठकीत मला चमत्कारिक वाटली होती. ती तशी नव्हती, हे कळायला मला वेळ लागला.

वाद पेटण्याची तात्कालिक कारणे दोन होती आणि ती एका महिन्याच्या अंतराने आली. 27 जून 2024 रोजी जर्मनीचा नागरिकत्वाचा सुधारित कायदा लागू झाला आणि आठऐवजी पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करणे शक्य झाले. पत्नीने त्याच आठवड्यात अर्जाची कागदपत्रे जमवायला सुरुवात केली. जुलैच्या अखेरीस पतीच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हा पंचगंगेला पूर होता. फ्रँकफर्टहून मुंबई आणि तेथून रस्त्याने वळसे घेत तो दवाखान्यात पोचला, तोवर वडिलांना दाखल करून तिसरा दिवस उजाडला होता आणि सगळी धावपळ इचलकरंजीच्या बहिणीने केली होती. तीन आठवड्यांनी तो परत गेला, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्नीचा भरलेला अर्ज होता. त्या रात्री तो म्हणाला, "दिवाळीला मी पोरीला घेऊन जातो, मग पुढचं पुढं बघू."

या वाक्यापाशी मी पहिल्याच बैठकीत थांबले. संतापात बोललेले वाक्य म्हणून समुपदेशक अनेकदा ते सोडून देतो. परदेशस्थ दांपत्याच्या बाबतीत तसे करू नये. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणासंबंधीच्या 1980 च्या हेग करारात जर्मनी सहभागी आहे, भारत नाही. एका पालकाने मुलाला सुट्टीसाठी भारतात आणून ठेवून घेतले, तर त्या करारातील लवकर परत पाठवण्याची पद्धत येथे लागू होत नाही. प्रकरण येथील उच्च न्यायालयात जाते आणि तेथे मुलाचे हित हा सर्वोच्च निकष मानून प्रत्येक वेळी नव्याने विचार होतो. दरम्यान ठेवून घेणाऱ्या पालकावर जर्मनीत फौजदारी कारवाईही होऊ शकते. पतीला यातले काही ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने तो आपल्या मुलीला तिच्या आजोबांकडे नेणार होता, एवढेच. पत्नीने मात्र त्या रात्रीनंतर मुलीचे पारपत्र आपल्या कार्यालयाच्या कपाटात ठेवले होते, आणि हे पतीला माझ्यासमोर प्रथम कळले. चर्चा चालू असेपर्यंत दोघांच्या संमतीशिवाय मुलीचा प्रवास होणार नाही आणि पारपत्र घरातच, दोघांना माहीत असलेल्या जागी राहील, असे आम्ही एका कागदावर लिहून घेतले. नंतर दोघांशी स्वतंत्रपणे बोलून मारहाण, धाकदपटशा किंवा पैशांची अडवणूक नाही याची खात्री केली. तशी काही गोष्ट असती, तर ही एकत्र बैठकांची पद्धत मी वापरली नसती.

दोघांनी आधीच एक तक्ता केला होता. त्यात पगार, शाळा, हवा, आईवडील, सण, भाषा अशा तेवीस ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीला गुण दिलेले होते. पतीच्या बेरजेत कोल्हापूर जिंकत होते आणि पत्नीच्या बेरजेत श्टुटगार्ट. अभियंत्यांच्या घरी असे तक्ते मी बरेच पाहिले आहेत. हवे ते उत्तर मिळेपर्यंत गुण बदलले जातात. मी तो तक्ता बाजूला ठेवला आणि दुसरे काम दिले. परदेशी जाताना तुमचे काय ठरले होते, ते एकमेकांना न दाखवता लिहून आणा.

पतीने लिहिले: "पाच वर्षे राहायचे, घराचे कर्ज फेडायचे आणि परत यायचे असे ठरले होते." पत्नीने लिहिले: "पाच वर्षांनी बघू असे ठरले होते." दोघेही खरे सांगत होते. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी रंकाळ्यावर झालेल्या त्याच संभाषणाची ही दोन वर्णने होती आणि नऊ वर्षे त्यांचा ताळा कधी घेतला गेला नव्हता. 2021 मध्ये ती पाच वर्षे भरली, तेव्हा महासाथीमुळे विषय निघालाच नाही. पतीच्या मनात करार मोडल्याची तारीख तेव्हापासून नोंदलेली होती.

करार न बोलता चालू असला, की त्याच्या खुणा घरात दिसतात. मी दोघांना मोबाइल हातात घेऊन घर दाखवायला सांगितले. बैठकीच्या खोलीत पडदे नव्हते, "जायचेच आहे" म्हणून. तळघरात मिक्सर, इस्त्री आणि सायकलींची खोकी टाकून न देता जपून ठेवली होती, कारण सामान परत बांधताना ती लागतील. पती नऊ वर्षांनंतरही दुकानापुरतेच जर्मन बोलत होता. कार्यालयात इंग्रजीवर भागत होते. पत्नीने मात्र मुलीच्या खोलीत भिंतीवर कपाट ठोकून घेतले होते. एकाच घरात एक माणूस नऊ वर्षे स्थानकावर बसल्यासारखा राहत होता आणि दुसरा माणूस एकट्याने घर मांडत होता. पतीच्या एकटेपणाचे निम्मे कारण मला येथे दिसले. त्याला मित्र नव्हते, याचे मूळ देशात जितके होते तितकेच या वाट पाहण्यातही होते. हे मी त्याला सांगितले. त्याला ते आवडले नाही.

माझी एक चूक येथे नोंदवणे आवश्यक आहे. पहिल्या दोन्ही बैठकांत परत आल्यास कोणत्या अडचणी येतील, असे मी पत्नीला विचारत होते; तेथे राहिल्यास काय गमवावे लागेल, हे पतीला मात्र एकदाही विचारले नव्हते. म्हणजे परतणे स्वाभाविक आणि राहणे ही स्पष्टीकरण देण्याची गोष्ट, असे मीच धरून चालले होते. तिसऱ्या बैठकीत पत्नी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण कोल्हापूरच्याच ना." मी चूक मान्य केली आणि पुढील बैठकीपासून प्रत्येक प्रश्न दोघांना त्याच शब्दांत विचारू लागले.

यानंतर मी त्यांना जे काम दिले, ते सोपे दिसते आणि फार जड जाते. प्रत्येकाने दुसऱ्याची बाजू, ती आपली असल्यासारखी, दुसरा "हो, हेच" म्हणेपर्यंत मांडायची. पत्नीला तिसऱ्या प्रयत्नात जमले. पतीला जमेना. प्रत्येक वेळी तो म्हणे, "तिला तिथली सोय आवडते, नोकरी आवडते," आणि ती मान हलवून नाही म्हणे. पाचव्या बैठकीत तिने स्वतःच सांगितले.

प्रसूतीसाठी तिची आई जाणार होती आणि 20 एप्रिल 2020 चे तिकीट काढलेले होते. 23 मार्चपासून भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली, ती 27 मार्च 2022 पर्यंत पूर्ववत सुरू झाली नाहीत. डिंकाचे लाडू आईने करून डब्यात भरले होते. ते राजारामपुरीतच संपवले गेले. बाळंतपण सिझेरियनने झाले. मालीश, शेक, बाळाची अंघोळ यांपैकी एकही गोष्ट तिला कोणी करून दाखवली नाही. आई व्हिडिओ कॉलवर पाहत असे आणि रडत असे, म्हणून पुढे ती कॉल करीनाशी झाली. जर्मनीत आई आणि वडील मिळून चौदा महिन्यांपर्यंत पालकभत्ता मिळू शकतो आणि त्यातील दोन महिने सहसा वडील घेतात. ते दोन महिने पतीने जन्माच्या वेळी घ्यावेत, अशी तिची विनंती होती. त्याने ते तेरावा आणि चौदावा महिना म्हणून जून-जुलै 2021 मध्ये घेतले आणि त्या काळातील अर्धा वेळ वडिलांच्या शॉपमधील नवे मशीन ऑनलाइन बसवून देण्यात घालवला. डिसेंबर 2021 मध्ये आजीने नातीला प्रथम हातात घेतले, तेव्हा नात 19 महिन्यांची होती.

तिचे म्हणणे असे होते: "ज्या दोन वर्षांत मला माणसांची गरज होती, त्या दोन वर्षांत यांना परतावंसं वाटलं नाही. मी एकटीनं करायला शिकले. आता यांच्या वडिलांना माणूस लागतोय, तर लगेच घर उचलायचं."

हे ऐकल्यावर पती बराच वेळ बोलला नाही. मग त्याने सांगितले, की एप्रिल 2020 मध्ये कंपनीत कमी तासांचे काम सुरू झाले होते आणि कमी करायच्या माणसांच्या यादीत आपले नाव असल्याचे वरिष्ठाने त्याला खासगीत सांगितले होते. तेव्हा त्यांच्याकडे कायम निवासाचा परवाना नव्हता. नोकरी गेली असती, तर वास्तव्याचा हक्कही धोक्यात आला असता. गरोदर बायकोला घाबरवायचे नाही म्हणून त्याने ते लपवले आणि रजा मागितली नाही. येथे दोघांचे डोळे पाणावून प्रकरण मिटले, असे वाचकाला वाटेल, परंतु तसे झाले नाही. पत्नी अधिक चिडली. पुढच्या दोन बैठका तिच्या एकाच प्रश्नावर गेल्या: हे मला पाच वर्षे का सांगितले नाही? पतीने उत्तराऐवजी समर्थन देणे थांबवले, तेव्हा कोठे ती पुढे सरकायला तयार झाली. या टप्प्यावर घाई केली असती, तर देशाचा निर्णय पुन्हा त्याच जुन्या हिशेबाची वसुली ठरला असता.

त्यानंतर मी तो प्रश्न विचारला, जो नऊ वर्षांत कोणी विचारला नव्हता. परत म्हणजे कोणत्या घरात? पतीने न थांबता उत्तर दिले, "आमच्या." पत्नी म्हणाली, "हेच ते." त्याच्यासाठी परतणे म्हणजे स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या आईच्या स्वयंपाकघरात जाणे होते. तिच्यासाठी परतणे म्हणजे लग्नानंतर जेमतेम चार महिने राहिलेल्या सासरी, आता आजारी सासऱ्यांची मुख्य शुश्रूषा करणारी सून म्हणून, नोकरीशिवाय प्रवेश करणे होते. माहेर सासरपासून तीन किलोमीटरवर असून तेथे राहण्याची सोय तिला नव्हती. तेथे भाऊ आणि वहिनी राहतात. विरोध तिचा कोल्हापूरला नव्हता. ज्या एका घराचे दार कोल्हापूर म्हणून तिच्यासमोर उघडले जात होते, त्या दाराला होता. पतीने वडिलांची सेवा कोण करणार याचा तपशील कधी मांडलाच नव्हता, कारण त्याच्या घरात तो मांडावा लागत नाही.

येथे मी एक गृहपाठ फक्त पतीला दिला: वडिलांना सरळ विचारा. तोपर्यंत वडिलांची इच्छा तो स्वतःच गृहीत धरत होता. एप्रिल 2025 मध्ये त्याने फोनवर विचारले. वडिलांची वाचा तोवर बरीच सुधारली होती. ते म्हणाले, "शॉप भाड्यानं द्यायचं ठरवलंय म्या. तू हितं येऊन बिलांच्या मागं फिरणार हाईस व्हय? मला तू महिनाभर समोर बसलेला पायजेस, कारखान्यात न्हाई." पती दोन आठवडे खिन्न होता. आपल्याला बोलावलेले नाही, हे पचवणे बोलावलेले असण्यापेक्षा कठीण असते.

आता कुठे पर्यायांकडे वळणे योग्य होते आणि येथे दोघांच्याही काही समजुती तपासून घ्याव्या लागल्या. कायद्याचा सल्ला मी देत नाही. त्यांनी तेथील परकीय नागरिक कायद्याच्या वकिलाकडून लेखी माहिती आणली. पत्नीचा मधला मार्ग होता, "आईबाबांना आणि सासूसासऱ्यांना इकडे बोलावू." शेंगेन या युरोपातील अल्पमुदतीच्या व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. कुशल कामगारांच्या आईवडिलांना तेथे स्थायिक होऊ देणारी नवी तरतूद आहे, परंतु ज्यांना कुशल कामगाराचा निवास परवाना प्रथम 1 मार्च 2024 रोजी किंवा त्यानंतर मिळाला, त्यांनाच ती लागू आहे. 2016 मध्ये गेलेल्या या दांपत्याला तिचा उपयोग नव्हता, आणि पक्षाघात झालेल्या माणसाचा आरोग्यविमा हा प्रश्न उरलाच असता. तो पर्याय तेथेच संपला.

पतीची समजूत अशी होती, की "एकदा येऊन बघू, नाही जमलं तर जाऊ परत." दोघांचा कायम निवासाचा परवाना ब्लू कार्डावरून, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्यावरून, मिळालेला आहे. असा परवाना सलग बारा महिने देशाबाहेर राहिल्यास संपतो. सामान्य परवान्याला ही मुदत सहाच महिन्यांची आहे. म्हणजे "बघू" याला एका वर्षाची दोरी होती, आणि मुलीची शाळा सुरू होऊन ती रुळायलाच तेवढा काळ जातो. त्याची दुसरी समजूत होती, की पत्नीने जर्मन पारपत्र घेतले की मागचा दोर कापला. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. 1955 च्या कायद्यानुसार परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते, हे खरेच आहे. मताचा हक्क जातो आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. परंतु परकीय नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारतात कितीही काळ राहता येते, नोकरी करता येते आणि शेतजमीन वारसाने येऊ शकते. जर्मन नागरिकाचा तेथे परतण्याचा हक्क मात्र बारा महिन्यांनी काय, बारा वर्षांनीही संपत नाही. ज्या अर्जाला तो घर मोडल्याची खूण समजत होता, तोच अर्ज पूर्ण झाल्यास पत्नीला कोल्हापुरात भीतीशिवाय राहून पाहता येणार होते. हे त्याने वकिलाच्या पत्रात दोनदा वाचले. पत्नीनेही वाचले आणि ती प्रथमच म्हणाली, "मग मी यायला तयार होईन कदाचित." त्या "कदाचित"वर मी त्याला उडी मारू दिली नाही.

शेवटी जे ठरले, ते मुलीच्या शाळेच्या तारखेवर बेतलेले आहे. तिला सप्टेंबर 2026 मध्ये पहिलीत जायचे आहे. जर्मनीत प्रत्येक पालकाला मुलामागे तीन वर्षांपर्यंत बिनपगारी पालकत्व रजा मिळते, तिकडच्या भाषेत एल्टर्नत्साइट, आणि तिच्यातील चोवीस महिन्यांपर्यंतचा भाग मूल तीन ते आठ वर्षांचे असताना घेता येतो. नोकरी या काळात सुरक्षित राहते. अर्ज तेरा आठवडे आधी द्यावा लागतो आणि रजेच्या काळात मूल सोबत असावे लागते. पतीची बरीच रजा शिल्लक होती आणि पत्नीची दहा महिने. फेब्रुवारी ते जून 2026 असे पाच महिने दोघांनी एकत्र कोल्हापुरात राहायचे ठरले. सहा महिन्यांच्या आत परतल्यास नागरिकत्वाच्या अर्जासाठी मोजले जाणारे वास्तव्यही खंडित होत नाही, म्हणून पाच. या पाच महिन्यांचा खर्च बचतीतून होईल. येथील विमाही वेगळा काढावा लागेल, कारण तेथील सरकारी आरोग्यविमा भारतात चालत नाही.

अटी दोघांनी लिहिल्या. घर भाड्याचे, सासर आणि माहेर दोन्हींपासून वेगळे, दोन्हींकडे दुचाकीने पंधरा मिनिटांत पोचता येईल असे. वडिलांची सकाळची फिजिओथेरपी आणि दवाखान्याच्या फेऱ्या पतीने करायच्या. पत्नी सासरी पाहुणी म्हणून जाईल आणि पाहुणी म्हणूनच परतेल, असे तिचे शब्द आहेत आणि ते तसेच ठेवले आहेत. बहिणीला आठवड्यातून दोन दिवस पूर्ण सुट्टी मिळेल. ही अट मी सुचवली, कारण गेले वर्षभर या घराचा भार जिने वाहिला, तिचे नाव दोघांच्याही तक्त्यात कोठेच नव्हते. पत्नीने नागरिकत्वाचा अर्ज जूनमध्ये दाखल केला आहे आणि पतीने त्यावर हरकत घेतलेली नाही. तो स्वतः अर्ज करणार नाही. तसे त्याने स्पष्ट सांगितले आहे आणि एका घरात दोन पारपत्रे असण्यात कायद्याची अडचण नाही.

शेवटच्या कलमावर एकमत झालेले नाही. 31 मे 2026 रोजी दोघांचे म्हणणे वेगळे राहिल्यास कुटुंब ठरल्याप्रमाणे जूनअखेर परत जाईल आणि मुलगी चौथी पूर्ण करीपर्यंत, म्हणजे 2030 च्या उन्हाळ्यापर्यंत हा विषय काढायचा नाही, असे पत्नीने लिहिले आहे. तेथे चौथीनंतर मुलांच्या शाळा वेगळ्या होतात, म्हणून ती तारीख. पतीने त्याखाली सही केलेली नाही. "चार वर्षांत बाबा असतील की नाही," असे त्याने समासात लिहिले आहे आणि पत्नीने ते खोडलेले नाही. ऑक्टोबरच्या बैठकीत त्यावर बोलायचे आहे. दरम्यान श्टुटगार्टच्या घरी बैठकीच्या खोलीला पडदे लागले आहेत, आणि ते पतीने लावले आहेत.